इन्सुलिनचा आकडा कायम नसतो: मुलाच्या टाइप वनच्या पहिल्या वर्षाबद्दल एका बापाचं सपोर्ट ग्रुपमधलं बोलणं

नमस्कार मंडळी. मला सांगितलं होतं दहा मिनिटं बोला, पण मागच्या रांगेत दोन जोडपी बसलीत ज्यांच्या पोरांना या महिन्यातच निघालंय, त्यामुळे जरा जास्त वेळ घेईन, सांभाळून घ्या. मी डॉक्टर नाही, माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. पोरगा आठ वर्षांचा असताना टाइप वन डायबिटीस निघाला, आता एक वर्ष झालं. आज एकच विषय घेतो, तो म्हणजे डोसचा आकडा. डिस्चार्जच्या कागदावर जो लिहिलेला असतो ना, सकाळी इतकं, दुपारी इतकं, रात्री इतकं, तो आकडा बऱ्याच पोरांच्या बाबतीत या वर्षात निदान दोनदा पूर्ण बदलतो. आधी खूप खाली येतो आणि मग परत वर जातो. तो कधी बदलायला लागलाय हे घरातल्या माणसाला ओळखता आलं पाहिजे, कारण डॉक्टर महिन्याने भेटणार आणि पोरगा आपल्या घरात रोज जेवणार.

आधी बाटली आणि सिरिंज बघा

आकड्याकडे जायच्या आधी हे, कारण इथे चुकलं तर पुढचा सगळा हिशोब वाया. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदीचं मिळतं. साध्या ह्यूमन इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा ४० युनिट प्रति मिलीची असते आणि पेनात घालायची कार्ट्रिज १०० ची असते. सिरिंजसुद्धा दोन प्रकारच्या, ४० वाली लाल टोपणाची आणि १०० वाली केशरी टोपणाची. बाटलीवर ४० लिहिलं असेल तर लाल, १०० लिहिलं असेल तर केशरी, बस. होतं काय, पेन बिघडतं, रात्रीची वेळ असते, कोणीतरी म्हणतं अरे कार्ट्रिजमधूनच सिरिंजने ओढ की, आणि घरात लाल टोपणाची पडलेली असते. तिच्यात चारच्या खुणेपर्यंत ओढलं तर पोराच्या अंगात चार नाही, दहा युनिट जातात. अडीच पट. म्हणून घरात एकाच ताकदीच्या सिरिंज ठेवा, दुसऱ्या ठेवूच नका. मेडिकलवाला "तीच आहे हो साहेब" म्हणाला तरी टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा स्वतः वाचून मगच पैसे द्या.

पेन असेल तर दर वेळी आधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब दिसतोय का बघायचं, मग डोस लावायचा, टोचल्यावर बटण दाबून सावकाश दहा आकडे मोजायचे आणि मग सुई काढायची. घाईत लगेच काढली की कातडीवर थेंब राहतो, आणि लहान पोराला जिथे दीडच युनिट द्यायचंय तिथे तो थेंब म्हणजे लहान गोष्ट नाही. अर्ध्या युनिटने वाढणारी पेनं मिळतात, लहान मूल असेल तर डॉक्टरांकडे त्याबद्दल मुद्दाम विचारा, पुढे जे सांगणार आहे त्यात अर्ध्या युनिटला फार किंमत आहे.

आकडा येतो कुठून

हॉस्पिटलमधून निघालो तेव्हा पोराचं वजन २४ किलो होतं आणि दिवसाचं एकूण इन्सुलिन २४ युनिट. त्यातलं दहा लांब पल्ल्याचं, म्हणजे दिवसातून एकदा द्यायचं आणि चोवीस तास संथ चालणारं, आणि बाकीचं जेवणाआधीचं झटपटवालं. आता या एकूण आकड्यातून दोन छोटे आकडे काढायला मला तिथल्या डायबिटीस एज्युकेटर मॅडमनी शिकवलं, आणि माझ्या मते डिस्चार्ज घेताना प्रत्येक आईबापाने हे कागदावर स्वतः करून दाखवल्याशिवाय घरी जाऊच नये.

पहिला आकडा: ५०० ला दिवसाच्या एकूण युनिटने भागायचं. ५०० भागिले २४, म्हणजे साधारण २०. याचा अर्थ एक युनिट अंदाजे २० ग्रॅम कार्ब, म्हणजे खाण्यातला पिष्टाचा आणि साखरेचा भाग, सांभाळतं. दुसरा आकडा: १८०० ला भागायचं, येतात ७५. म्हणजे एक युनिट शुगर साधारण ७५ ने खाली आणतं. (झटपटवाल्या इन्सुलिनला १८०० धरतात, जुन्या रेग्युलरला १५००.) ही सुरुवातीची अंदाजाची पट्टी आहे, दगडावरची रेघ नाही. बऱ्याच पोरांना सकाळच्या नाश्त्याला जास्त लागतं, आमच्याला पण लागतं, तेव्हा सकाळसाठी डॉक्टरांनी वेगळा आकडा दिलाय.

आता कार्ब मोजायचं कसं, तर मोबाईलवरचे परदेशी तक्ते सोडा, त्यात भाकरी नसते. वीसपंचवीस रुपयांच्या बिस्किट पुड्यावर मागे लिहिलेलं असतं ते सोपं, अवघड असतं आपलं घरचं. तर ग्रॅममध्ये मोजणारा एक छोटा किचनचा वजनकाटा घ्या आणि शिजवायच्या आधी कोरडं वजन करा. कणकेचं पीठ १०० ग्रॅम असेल तर त्यात ७० च्या आसपास कार्ब, पोहे ७७ च्या, तांदूळ ७८ च्या, साबुदाणा ८७ च्या आसपास. म्हणजे ३० ग्रॅम पिठाची एक पोळी झाली तर २० ग्रॅम कार्ब. बायकोने आठवडाभर प्रत्येक गोळा काट्यावर ठेवून लाटला, त्यानंतर हाताला सवय झाली, आता न मोजता तिचा गोळा तिसाचाच होतो. सासूबाई आल्या की मात्र पोळी मोठी होते आणि शुगर पण.

शिजलेल्या भाताचं वेगळं, तो पाणी पितो, म्हणून शिजलेला मोजायचा असेल तर १०० ग्रॅमला २८ धरा. उपवासाची खिचडी फसवते, पन्नास ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात चाळीसच्या वर कार्ब असतात आणि वर दाण्याचं कूट आणि तूप असल्यामुळे शुगर उशिरा चढते, दोन तासांनी छान दिसते आणि चार तासांनी डोळे पांढरे करते.

तेच ताट, दोन वेगळे डोस

आता नीट ऐका, हाच आजचा मुख्य भाग. रविवारचं दुपारचं ताट घेऊ. दोन पोळ्या, ४० ग्रॅम. शिजलेला भात ७० ग्रॅम, म्हणजे कार्ब २०. अर्धी वाटी वरण, १० धरा. भेंडीची भाजी, तिचे मी मोजत नाही. एकूण ७०. जेवणाआधी शुगर आली १९५, आपल्याला हवी १२० च्या आसपास, म्हणजे ७५ जास्त.

डिस्चार्जनंतरच्या आठवड्यातला हिशोब असा: ७० भागिले २०, साडेतीन युनिट जेवणाचे. ७५ जास्त आहेत त्याचं एक. एकूण साडेचार. जेवणाआधी दहापंधरा मिनिटं टोचलं (रेग्युलर असेल तर अर्धा तास आधी), जेवला, तीन तासांनी १३०. सगळे खूश.

दीडेक महिन्यानंतर आमच्या पोराचं एकूण इन्सुलिन दिवसाला १० युनिटवर आलं होतं. तेव्हा ५०० भागिले १० म्हणजे एक युनिट ५० ग्रॅम सांभाळायला लागलं, आणि १८०० भागिले १० म्हणजे एक युनिट शुगर १८० ने पाडायला लागलं. तेच ताट, तीच १९५ ची शुगर: जेवणाचे साधारण १.४, वरच्या शुगरचे ०.४, मिळून दोन युनिटच्या आत. जुन्या कागदाप्रमाणे साडेचार दिले असते तर अडीच युनिट जास्त गेले असते, आणि प्रत्येक युनिट १८० ने पाडतंय, म्हणजे कागदावर साडेचारशे पॉइंटची पडझड. तेवढी शुगर अंगात असतेच कुठे पडायला. म्हणून म्हणतो, कागदाला तारीख घाला. आमच्या फ्रिजवरच्या कागदावर वर मोठ्याने तारीख असते आणि एकूण युनिट, आणि जुना कागद फाडून टाकायचा, खाली चिकटवून ठेवायचा नाही.

हा खाली जाणारा काळ ओळखायचा कसा

याला हनिमून म्हणतात, कोणी नाव ठेवलंय कुणास ठाऊक. शरीराच्या स्वतःच्याच पेशींनी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला केलेला असतो, पण आजार कळतो तेव्हा काही पेशी शिल्लक असतात, फक्त दमलेल्या. बाहेरून इन्सुलिन मिळालं, शुगर खाली आली की त्यांना उसंत मिळते आणि त्या परत थोडं काम करायला लागतात. काहींना हे आठवड्यांपुरतं, काहींना महिने, काही पोरांना जवळपास दिसतच नाही, विशेषतः फार लहान पोरांना किंवा जी डीकेए होऊन, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाचं आम्ल साचून, आयसीयूमध्ये पोचली होती त्यांना कमी दिसतं.

ओळखायची खूण: जेवण तेच, धावपळ तेवढीच, आणि एकाच वेळेची शुगर लागोपाठ दोन दिवस ८०-९० च्या खाली किंवा कारण नसताना लो. तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा एज्युकेटरना मेसेज टाकायचा. वर जायचं असतं तेव्हा तीन दिवस बघितलं तरी चालतं, खाली जायचं असतं तेव्हा नाही. आणि सगळंच कमी करायचं नसतं, वेळ बघायची. दुपारच्या जेवणानंतर तीन तासांत लो होतोय तर दुपारचं जेवणाआधीचं कमी. सकाळी उठल्यावर कमी येतेय तर लांब पल्ल्याचं बघायचं. साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरवतात, एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर काय केल्याने काय झालं कळतच नाही.

लांब पल्ल्याचं बरोबर आहे का हे तपासायची एक साधी पद्धत आहे. रात्री लवकर जेवायला द्या, तेही साधं, तुपातलं तळणीचं नको. जेवल्यावर चार तासांनी झोपताना बघा, मग पहाटे तीनला, मग उठल्यावर. मधे काही खाल्लं नाही आणि झटपटवालं पण दिलं नाही तर तिन्ही आकडे तीसेकच्या फरकात राहायला हवेत. झोपताना १५०, तीनला १४५, उठल्यावर १४०, उत्तम. झोपताना १५० आणि उठल्यावर ८५, म्हणजे जास्त होतंय. झोपताना १५०, तीनला ११० आणि उठल्यावर २१०, हे वेगळंच, पहाटेची हार्मोन्स शुगर ढकलतात, इथे सकाळचा आकडा बघून रात्रीचं इन्सुलिन वाढवलं तर तीन वाजता पोरगा लो होणार. म्हणून तीनचा आकडा पाहिजेच, तो नसेल तर सकाळच्या आकड्यावरून काही ठरवू नका. दंडावर लावायचा, सतत शुगर मोजणारा सेन्सर असेल तर उठायला लागत नाही, पण सेन्सर ज्या दंडावर आहे त्याच कुशीवर पोरगा झोपला की दाब पडून सेन्सर खोटा लो दाखवतो, तेव्हा बोटातून बघितल्याशिवाय साखर भरवू नका.

आता या काळातला घरातला ताप. इन्सुलिन निम्म्यावर आलं की नातेवाईकांना वाटतं पोरगा बरा झाला. आणि बरोबर त्याच वेळी कोणीतरी काढा दिलेला असतो, कारल्याचा रस, कुठल्या गावचं चूर्ण, कोणी नवस बोललेलं. शुगर खाली आली ती हनिमूनमुळे, श्रेय जातं चूर्णाला. पुढची पायरी असते "आता सुया बंद करून बघू". इन्सुलिन बंद करायचं नाही, दोन युनिटवर आलं तरी नाही, कारण उरलेल्या पेशी थकल्या की दोनतीन दिवसांत कीटोन वाढून पोरगा सरळ आयसीयूत जाऊ शकतो. माझ्या मोठ्या काकांना मी एवढंच विचारलं, काका, चूर्ण देणारा लिहून देईल का की सुई बंद केल्यावर काही झालं तर मी बघेन? विषय तिथे संपला.

लो झाला तर

७० च्या खाली म्हणजे लो, पोरगा "मी बरा आहे" म्हणाला तरी. आमचा लो होताना चिडतो, हट्ट करतो, ओठाभोवती पांढरा पडतो, कधी नुसताच गप्प बसून खेळण्याकडे बघत राहतो. शक्य असेल तर बोटातून बघायचं, हात धुऊन. आंबा किंवा गूळ हाताला असेल तर ६० ची शुगर १६० दाखवते. मशीन जवळ नसेल तर बघायच्या भानगडीत न पडता साखर द्यायची.

किती, तर किलोला ०.३ ग्रॅम. २४ किलोला सात ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात. मोठ्यांना १५ ग्रॅम सांगतात ते आठ वर्षांच्या पोराला दुप्पट होतं. मग घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबायचं, आणि हेच सगळ्यात अवघड, कारण पोरगा थरथरत असतो आणि आजी पेढा घेऊन उभी असते. पेढा, चॉकलेट, बर्फी नको, त्यातला स्निग्धांश साखर अडवून धरतो. पंधरा मिनिटांनी परत बघायचं, अजून ७० खाली तर तेवढीच परत. वर आली आणि पुढचं जेवण तासापेक्षा लांब असेल तर दोन मारी बिस्किटं किंवा अर्धा कप दूध. पंधरा मिनिटं न थांबता भरवत सुटलं की तासाने ३२० दिसते, मग त्यावर इन्सुलिन, मग परत लो, असा झोपाळा संध्याकाळपर्यंत चालतो. झटपटवालं तीनचार तास काम करतं, म्हणून वरची शुगर उतरवायला दिलं की तीन तासांच्या आत परत त्यासाठी देऊ नका.

बेशुद्ध असेल, झटका आला असेल, गिळत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर झोपवायचं, शुगर झटकन वर आणणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असेल तर ते (२५ किलोच्या खाली अर्धा मिलिग्रॅम, वर एक), आणि हॉस्पिटल. ग्लुकॅगॉन आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, महागही आहे, म्हणून आजच डॉक्टरांना विचारून ठेवा कुठून मागवायचं, आणि मिळत नसेल तर रात्री दोन वाजता सलाइनमधून ग्लुकोज देणारं जवळचं हॉस्पिटल कुठलं हे जाऊन बघून या.

एक सांगायचं राहिलं, खेळ. संध्याकाळी दोन तास क्रिकेट किंवा पोहणं झालं की लो लगेचच येईल असं नाही, रात्री झोपेत सुद्धा येतो, सातआठ तासांनी. खेळाच्या दिवशी आम्ही रात्रीचं जेवणाआधीचं थोडं कमी करतो आणि तीनचा गजर लावतो.

शाळेतला कागद

वर्गशिक्षिका, पीटीचे सर आणि ऑफिस, तिघांकडे एकेक पान दिलंय, मराठीत. लो कसा दिसतो, दोन चमचे ग्लुकोज, पंधरा मिनिटं, एकट्याला वर्गाबाहेर पाठवायचं नाही, आणि दोन फोन नंबर. डोसचा आकडा त्या पानावर लिहीत नाही, तो बदलतो, डबा भरताना त्या दिवशीचे कार्ब आणि युनिट डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहितो. टोचायचं पोरगाच टोचतो, मॅडम फक्त पेनच्या खिडकीतला आकडा झाकणावरच्या आकड्याशी जुळवून बघतात. शाळा नाही म्हणत असेल तर भांडण्याआधी एवढं सांगा की सीबीएसईने २०१७ मध्येच टाइप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी न्यायला परवानगी दिलीय, आणि बालहक्क आयोगाने, एनसीपीसीआरने, २०२३ मध्ये राज्यांना शाळेतल्या टाइप वनच्या मुलांबद्दल पत्र लिहिलंय. बोलण्यात फरक पडतो.

आकडा परत वर जातो तेव्हा

आमचं आठव्या महिन्याच्या सुमारास सुरू झालं. सकाळची १३०, मग १६०, मग १९० अशी सरकायला लागली. आता लगेच डोसला हात लावायचा नाही, आधी या क्रमाने बघायचं. इन्सुलिन किती दिवस उघडं आहे, २८ दिवसांच्या वर गेलं असेल तर नवीन काढा. ते उन्हात, गाडीत राहिलं होतं का, किंवा फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठलं होतं का. गोठलेलं परत वितळलं तरी टाकून द्यायचं, चेहऱ्यावरून कळत नाही. न उघडलेलं २ ते ८ डिग्रीत, वापरातलं ३० च्या खाली, आणि विदर्भ मराठवाड्यात मे महिन्यात वीज जात असेल तर पाणी भरलेल्या माठाजवळ, ओल्या फडक्यात, डबीत घालून, पाणी आत जाणार नाही असं. मग टोचायच्या जागा बघा, पोटावर दंडावर बोटं फिरवा, मऊ गाठ लागतेय का. एकाच जागी टोचलं की दुखत नाही म्हणून पोरं तिथेच टोचतात, तिथे चरबीची गाठ होते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. गाठ असेल तर ती जागा दोनतीन महिने सोडायची, आणि नव्या जागी गेल्यावर सुरुवातीला डोस कमी लागू शकतो हे विसरायचं नाही, लोक इथे लो होतात.

इन्सुलिन ठीक, जागा ठीक, तरी तीन दिवस तोच कल, मग डॉक्टरांना विचारून दहा टक्क्यांनी वर. आमचं दहाचं हळूहळू बावीस झालं, वजन आता २७. म्हणजे तेच रविवारचं ताट परत चारपर्यंत येऊन पोचलंय. बायको रडली त्या आठवड्यात, तिला वाटलं आपण काही कमी पडलो. उरलेल्या पेशी संपल्या, एवढंच झालंय. पुढे वयात येताना याच्याही वर जाणार, किलोला एकाच्या वर, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इन्सुलिनचा खर्च झेपत नसेल तर नागपूरला ड्रीम ट्रस्ट आहे, छत्रपती संभाजीनगरला उडान आहे, मुलांसाठी काम करतात, चौकशी करा, लाजू नका.

आजारपणाचा दिवस

शेवटचं, आणि हनिमून कधी कधी एखाद्या तापाने संपतं म्हणून हे इथे. पोरगा जेवत नाहीये, मग इन्सुलिन कशाला, असं वाटतं आणि घात होतो. आजारात शरीराला इन्सुलिन जास्त लागतं. लांब पल्ल्याचं पूर्ण द्यायचंच, जेवो न जेवो. जेवणाआधीचं मात्र खाईल तेवढ्याचं.

आमच्याकडे झालं ते सांगतो. रात्री ताप, सकाळी एक उलटी, शुगर २९०. लघवीची कीटोन पट्टी बुडवली, डब्यावर लिहिलेल्या सेकंदांनी रंग जुळवला, मध्यम. (उशिरा बघितली तर रंग गडद दिसतो, आणि डबा उघडून महिने झाले असतील तर पट्ट्याच खराब असतात, उघडल्याची तारीख लिहा.) डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दिवसाच्या एकूण युनिटच्या दहा टक्के, म्हणजे २२ चे दोन, झटपटवालं जादा द्यायला सांगितलं. दर अर्ध्या तासाने दोन घोट पाणी, शुगर जास्त होती तोवर बिनसाखरेचं, मीठ घातलेलं ताक. दोन तासांनी २४०, कीटोन तेवढेच, परत दोन. दुपारी १८०, कीटोन अजून थोडे होते, इथे लोक थांबतात, पण कीटोन असताना इन्सुलिन थांबवायचं नसतं, म्हणून डॉक्टरांनी साखर घातलेलं सरबत चालू करून त्यावर थोडं इन्सुलिन द्यायला सांगितलं. संध्याकाळी पट्टी कोरी.

पण हे घरी केलं कारण उलटी एकच होती आणि पोरगा बोलत होता. दोनपेक्षा जास्त उलट्या, पोटात जोरात दुखणं, श्वास खोल आणि भरभर, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी, किंवा पट्टीवर जास्त, यातलं काहीही दिसलं तर फोनची वाट न बघता गाडी काढायची. रक्तातले कीटोन मोजायचं मशीन असेल तर दीडच्या वर काळजी, तीनच्या वर इमर्जन्सी. आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर "पोटात दुखतंय, उलट्या होताहेत" असं सुरू करू नका, ते उलटीचं इंजेक्शन देऊन बाकावर बसवतात. पहिलं वाक्य हे बोला: टाइप वन डायबिटीस आहे, शेवटचं इन्सुलिन इतक्या वाजता इतकं दिलं, आत्ता शुगर आणि कीटोन तपासा. आम्ही ते वाक्य पोराच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, कारण त्या वेळी कोण घरी असेल सांगता येत नाही.

चहा आलाय वाटतं. वजनकाटा आणि दोन्ही रंगांच्या सिरिंज मी आणल्यात, मागच्या रांगेतल्यांनी आधी या.